वडिलांच्या वावराचा सातबारा : वारस फेरफार करताना उलगडलेले शब्द

वडील गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी काटोल रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या वावराचा सातबारा प्रथमच नीट वाचला. माझे सारे आयुष्य नागपूर शहरात गेले. कागदावरचे शब्द मराठीच होते, तरी त्यांचा अर्थ मला लागत नव्हता. वारसांची नोंद करून घेण्यात पुढे जे महिने गेले, त्यांत यांपैकी काही शब्दांचे अर्थ मला आमच्याच चुकीमुळे कळले. ज्यांना हे काम प्रथमच करायचे आहे, त्यांच्यासाठी तेवढे शब्द येथे उलगडून सांगतो.

सातबारा हा एक कागद दिसत असला, तरी ते दोन नमुने आहेत. वरचा गाव नमुना 7 जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचे कोणते अधिकार आहेत हे सांगतो, तर खालचा गाव नमुना 12 त्या जमिनीत कोणत्या वर्षी कोणते पीक होते याची नोंद ठेवतो. वारसाच्या कामात सगळे लक्ष सातकडे असते. महाभूमीच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा उतारा फुकट पाहता येतो, पण तो केवळ माहितीसाठी असतो. कार्यालयात लागतो तो 15 रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. हा फरक माहीत नसल्याने माझी पहिली फेरी वाया गेली.

क्षेत्राच्या रकान्यात 1.62 असे लिहिले होते. माझ्या भाऊजींनी तो आकडा एकरात वाचला आणि उरलेली जमीन कुठे गेली म्हणून घरात संध्याकाळभर चर्चा चालली. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर. म्हणजे 1.62 हेक्टर हे आमचे चार एकरच होते. त्यातील सहा आर पोटखराब म्हणून वेगळे दाखवले होते, म्हणजे जमीन आपलीच, पण लागवडीत न धरलेली. आमच्याकडे तो धुऱ्यालगतचा खडकाळ भाग आहे.

वडिलांचे नाव ज्या रकान्यात होते, तेथे मालक असा शब्द नव्हता, भोगवटादार असा होता. जमीन धारण करून शासनाला महसूल देणारा तो भोगवटादार. आमची जमीन वर्ग 1 ची निघाली, म्हणजे ती विकायला वेगळी परवानगी लागत नाही. वर्ग 2 असता, तर पुढे विक्री करताना सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागली असती. नावापुढे एक क्रमांक होता. तो फेरफार क्रमांक, आणि माझ्या मते नवख्या माणसाने सातबाऱ्यावर सर्वांत आधी शोधावा असा आकडा तोच आहे. अधिकारात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकाने लिहिला जातो. त्या क्रमांकावरून मी जुन्या फेरफाराची नक्कल काढली, तेव्हा वडिलांनी ही जमीन स्वतःच्या पैशाने नोंदणीकृत खरेदीखताने घेतली होती हे स्पष्ट झाले. जमीन वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, यावर वाटे बदलतात, म्हणून ही नक्कल आमच्यासाठी महत्त्वाची ठरली.

आता आमची चूक. वारसा तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. आम्ही उशिराच गेलो, आणि गेलो ते आई, ताई आणि मी अशा तिघांचीच नावे असलेले शपथपत्र घेऊन. गावच्या पटवाऱ्यांनी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण आमच्या भागात पटवारीच म्हटले जाते, तो कागद वाचून विचारले, "भाऊ, तुमच्या आजी हयात आहेत ना? मग त्यांचं नाव कुठाय?" मी म्हणालो, मुलाच्या जमिनीत आईचा काय हक्क? त्यांनी वाद घातला नाही, अर्ज तेवढा परत दिला.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातील वारस केवळ पत्नी, मुलगे आणि मुली एवढेच नसतात. त्याची आई हयात असेल, तर तीही त्याच वर्गात, आणि तिला बाकीच्यांइतकाच वाटा मिळतो. त्यामुळे आमच्याकडे वारस चार झाले, आजी, आई, ताई आणि मी, आणि प्रत्येकाचा एक चतुर्थांश, म्हणजे अंदाजे एकेक एकर. आजीचा एकर पुढे कुठे जाईल, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही, पण मनात सर्वांच्याच होता. आजीनेही मृत्युपत्र केले नाही, तर तिचा वाटा तिच्या वारसांकडे जाईल, आणि त्यांत काका व आत्याही येतात. त्या एकराचे तीन भाग होतील, एक काकांचा, एक आत्याचा आणि एक आमच्या वडिलांच्या शाखेचा, जो मी आणि ताई वाटून घेऊ. आई त्या हिशेबात येणार नाही. आजीने स्वेच्छेने आपला हक्क आईच्या नावे सोडायचा ठरवला, तर त्याला हक्कसोड पत्र म्हणतात, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे लागते. मुद्रांक कागदावर लिहून चार सह्या घेतल्याने ते होत नाही. आजी म्हणाली, "माझं नाव लागू द्या, मंग पाहू." मला ते रास्त वाटले.

नवे शपथपत्र दिल्यावर कळले की नोंद दोन टप्प्यांत होते. आधी वारसांची नावे 6क या वारस नोंदवहीत लिहिली जातात आणि गावात चौकशी होऊन वारस कोण हे ठरते. त्यानंतरच नमुना 6 मध्ये फेरफार पडतो. 6क मध्ये नाव आले म्हणजे काम झाले, असे समजून अनेक जण येथेच थांबतात. फेरफार पडल्यावर सर्व संबंधितांना नमुना 9 ची नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून वेगळ्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आमच्याकडे हरकत आली नाही, म्हणून मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला आणि मगच सातबारा बदलला. प्रमाणित झालेली नोंदही अंतिम हक्काचा निवाडा नसते. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, एवढेच तिचे बळ, आणि मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.

नव्या उताऱ्यावर आता चार नावे सामाईक आहेत. सामाईक म्हणजे कोणाचा एकर नेमका कोणत्या बाजूचा, हे ठरलेले नाही. त्यासाठी वाटणीचा वेगळा अर्ज लागतो, जो आम्ही सध्या केलेला नाही. इतर अधिकारांच्या रकान्यात मात्र वडिलांच्या पीक कर्जाचा बोजा अजून दिसतो, जरी ते कर्ज त्यांनी स्वतःच फेडले होते. कर्ज फिटले की बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे कर्जफेडीचे पत्र जोडून त्याचाही स्वतंत्र फेरफार करावा लागतो. ते पत्र मी मागच्या आठवड्यात दिले, आणि त्या फेरफाराचे पंधरा दिवस सध्या चालू आहेत.