प्लॉट नंबर 20

2024 च्या जुलैत खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते पुणेकरांना आठवत असेलच. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर घरपोच नर्सिंग सेवा देणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले किंवा अंथरुणाला खिळलेले त्यांचे जे पेशंट आहेत, त्यातले मुठेच्या लाल पूररेषेच्या आत कोण राहतात, याची यादी त्यांना हवी होती. लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द. निळी 25 वर्षांची. विसर्ग वाढला की आधी कोणाला फोन लावायचा, हे त्या यादीवरून ठरणार होतं.

काम कागदावर सोपं. पत्ते जिओकोडिंगच्या सेवेकडे पाठवायचे, आलेले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकायचे आणि ठिपका रेषेच्या आत की बाहेर ते बघायचं. आमच्या ज्युनिअरने जेवणाच्या सुट्टीआधीच यादी तयार केली. प्रत्येक पेशंटसमोर दशांशचिन्हानंतर सात आकडे होते. सातवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर. हे आकडे बघून क्लायंट लगेच खूश होतो, म्हणूनच मला ते आवडत नाहीत. गिरणीच्या काट्यावर सोनं तोलून मिलिग्रॅममध्ये पावती द्यावी, तसला तो प्रकार.

उत्तराबरोबर `location_type` नावाचा एक रकाना येतो, तो ज्युनिअरने वगळला होता. मी त्याला म्हटलं, तोच रकाना घे आणि त्याप्रमाणे ठिपके रंगव. `ROOFTOP` म्हणजे सेवेच्या नोंदीत ती इमारत किंवा तो पत्ताच सापडला. `RANGE_INTERPOLATED` म्हणजे घर सापडलेलं नाही. रस्त्याच्या दोन टोकांचे नंबर ठाऊक आहेत, त्यांच्यामध्ये हा नंबर कुठे पडेल याचा हिशेब केलाय. `GEOMETRIC_CENTER` म्हणजे एखाद्या रस्त्याचा किंवा वस्तीचा मध्यबिंदू, आणि `APPROXIMATE` म्हणजे भाग तेवढा कळला. रंग दिल्यावर बराच नकाशा फिका पडला. एकाच ठिपक्यावर पेशंटचा ढीग रचलेला दिसला: ज्यांच्या पत्त्यातलं पिनकोडपलीकडचं काहीच ओळखता आलं नव्हतं, ते सगळे पिनकोडच्या मध्यावर जाऊन बसले होते. अगदी तेच अक्षांश-रेखांश अनेक ओळींत दिसले, की असलं काही घडलंय हे रकाना न उघडताही ओळखता येतं.

ते बाजूला काढणं सोपं होतं. फसवी निघाली ती मधली पायरी, म्हणजे हिशेबाने काढलेले `RANGE_INTERPOLATED` ठिपके.

संस्थेच्या सिस्टर यादी बघायला आल्या होत्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अहो, या आजींच्या गॅलरीतून नदी दिसते. तुमचा ठिपका तर पिठाच्या गिरणीपाशी आलाय."

आजींचा पत्ता होता प्लॉट नंबर 20. गल्ली मुख्य रस्त्यापासून निघून उताराने नदीकडे जाते, लांबी साधारण 240 मीटर. लाल रेषा तिला मुख्य रस्त्यापासून 180 मीटरवर छेदते. आमचा ठिपका होता 117 मीटरवर, म्हणजे रेषेच्या चांगला बाहेर. यादीत आजींपुढे 'सुरक्षित' असं लिहिलेलं.

117 कुठून आले ते आम्ही कागदावर काढून पाहिलं. गल्लीच्या वरच्या टोकाला 1 आणि नदीकडच्या टोकाला 40 अशी नोंद धरली, तर 20 नंबर 39 भागांपैकी 19 भाग पुढे येतो. 19 भागिले 39 गुणिले 240, उत्तर 117. गणित चोख आहे. पण सिस्टरांनी सांगितलं की प्लॉट डाव्या हाताला 1 ते 20 असे खाली उतरतात, आणि 21 पासून उजव्या हाताने परत वर चढतात. म्हणजे 20 नंबर गल्लीच्या अगदी तळाशी, 240 मीटरवर, लाल रेषेच्या साठ मीटर आत. 38 नंबरचं उलटं झालं असतं: हिशेबाने तो नदीपाशी पडतो आणि प्रत्यक्षात मुख्य रस्त्यापासून पंचवीसेक मीटरवर आहे.

ही पद्धत मुळात वाईट नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1990 च्या जनगणनेसाठी टायगर नावाची रस्त्यांची विदा तयार केली. तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला डाव्या आणि उजव्या बाजूचे सुरुवातीचे व शेवटचे घरनंबर असतात. तिकडे सहसा एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम, आणि नंबर रस्त्याबरोबर चढत जातात. तरीही ठिपका सरकतोच, कारण नोंद 100 ते 198 अशी असते आणि घरं दीडशेलाच संपलेली असतात. मग सगळी घरं तुकड्याच्या पहिल्या अर्ध्यात कोंबली जातात. आपल्याकडे तर नंबर रस्त्याला बांधलेलेच नसतात. सदाशिव पेठेतला घरनंबर पेठेचा असतो, रस्त्याचा नव्हे. उपनगरातला सर्व्हे नंबर शेताचा असतो, आणि त्या शेतावर आता चार सोसायट्या उभ्या असतात.

ज्युनिअर म्हणाला, "मग सर, फक्त रूफटॉपवाले धरू." तेही तपासलं. एका पेशंटचा ठिपका `ROOFTOP` होता, पण सोबत `partial_match` हा `true` होता. म्हणजे पूर्ण पत्ता जुळला नव्हता. पाठवलेला पत्ता आणि परत आलेला `formatted_address` शेजारी ठेवले, तर अपार्टमेंटचं नाव तेच, भाग वेगळा. छप्पर बिनचूक होतं, फक्त दुसऱ्याचं. साईंच्या आणि गजाननाच्या नावाची अपार्टमेंट पुण्यात किती असतील, ते पोस्टमनला विचारा. शिवाय मोठ्या सोसायटीत हा बिंदू कधी फाटकाशी असतो, कधी आवाराच्या मध्यावर, आणि शेवटची विंग नदीला लागून.

मग आत आणि बाहेर असे दोनच रकाने ठेवायचे नाहीत, असं ठरलं. ठिपका रेषेपासून किती दूर आहे आणि तो किती चुकू शकतो, हे दोन्ही बघायचं. चूक अंतरापेक्षा मोठी असेल तर 'अनिर्णित' लिहायचं. रूफटॉप असून पत्ता पूर्ण जुळला असेल, तर आम्ही 50 मीटरची मुभा धरली. मोठ्या सोसायट्यांसाठी ती मुद्दाम सैल ठेवली. हिशेबाने काढलेल्या ठिपक्याला गल्लीची पूर्ण लांबी, कारण नंबर कुठल्या दिशेने जातात ते आपल्याला दिसत नाही. गल्लीचं एक टोक रेषेत आणि दुसरं बाहेर असेल, तर त्या गल्लीतला प्रत्येक हिशेबी ठिपका अनिर्णित. मध्यबिंदूवाल्यांसाठी उत्तरातला `viewport` हा चौकोन घेतला. तो अचूकतेचं माप म्हणून दिलेला नसतो, पण पसारा केवढा याचा अंदाज त्यावरून येतो. चौकोनाला रेषा लागली की तेही अनिर्णित.

अनिर्णितांची यादी 'आत'वाल्यांपेक्षा लांब झाली. सिस्टरांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "ही माझ्याकडे द्या. आमच्या मावशी रोज या घरांत जातातच, दारात उभं राहून लोकेशन पाठवतील. आणि मजला पण लिहायला सांगते."

मजल्याचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच. चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण तळाशी पाणी भरलं की वीज तोडतात, लिफ्ट थांबते आणि कॉन्सन्ट्रेटरही. आजी दुसऱ्या मजल्यावर राहतात. सिलिंडर वर न्यायचा तर पाणी गल्लीत यायच्या आधी. तो रकाना घालून फाइल संध्याकाळी पाठवली, आणि ज्यांचं लोकेशन आलेलं नाही त्यांना फोनच्या क्रमात 'आत'वाल्यांच्या बरोबरीने ठेवलं.