हा-ही-हे कार्डे, तिसरी फेरी: अनेकवचनाचा पेच

संचात आता 36 कार्डे आहेत: पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामे प्रत्येकी 12. पुढच्या बाजूला नुसते नाम आणि मागे 'हा, ही, हे' किंवा 'तो, ती, ते' लावलेले एकवचन, त्याखाली अनेकवचन. संच मुख्यतः मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषकांसाठी आहे. हिंदीतले 'यह' लिंग बघत नाही आणि नपुंसकलिंग तिथे नाहीच, त्यामुळे नामाबरोबर 'हा' की 'हे' हेही लक्षात ठेवायचे असते ही सवयच नव्याने लावावी लागते.

एकवचनाच्या फेरीत अडचण ईकारान्त नामांची होती. 'मुलगी, पोळी, खुर्ची' यांच्यावरून शिकणारा 'ही पाणी', 'ही दही' म्हणतो. बरोबर आहे 'हे पाणी, हे दही, हे लोणी'. पुन्हा 'हत्ती' आणि 'मोती' पुल्लिंगी: हा हत्ती, हा मोती. ही पाच नामे आता एकाच गठ्ठ्यात लागोपाठ ठेवली आहेत, म्हणजे शेवटचा स्वर बघून उत्तर ठोकता येत नाही. 'वेळ' मात्र मुद्दाम बाहेर ठेवला, कारण तो वेळ वाया जातो आणि ती वेळ येऊन ठेपते. दोन्ही मराठी बरोबरच आहेत, पण सुरुवातीलाच हे समोर आले की शिकणारा बिचकतो.

खरा पेच अनेकवचनात आहे. हे आंबे, ह्या वह्या, ही पुस्तके. 'ही' स्त्रीलिंगी एकवचनातही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनातही. 'हे' नपुंसकलिंगी एकवचनात आणि पुल्लिंगी अनेकवचनात. 'तो, ती, ते' यांचेही तसेच: ते आंबे, त्या वह्या, ती पुस्तके. हमखास होणारी चूक म्हणजे 'हे पुस्तके'. 'हे आंबे' मध्ये दोन्हीकडे एकार जुळतो, म्हणून शिकणारा 'पुस्तके'लाही तेच यमक लावतो.

याला दोन उपाय केले. पहिला, नपुंसकलिंगी अनेकवचन कार्डावर बोलीतल्या रूपात छापले: घरं, पुस्तकं, फुलं. शेवटचा एकार दिसेनासा झाला की 'हे'कडे ओढणारे काही उरत नाही, आणि 'ही घरं' सहज तोंडात बसते. 'घरे, पुस्तके' ही लेखी रूपे त्याखाली बारीक अक्षरांत आहेत. दुसरा उपाय विशेषणाचा. नामाआधी 'चांगला' घालून बघायचे: हे चांगले आंबे, ह्या चांगल्या वह्या, ही चांगली पुस्तकं. विशेषणाचा शेवट आणि दर्शकाचा शेवट इथे हातात हात घालून चालतात, त्यामुळे 'हे चांगली पुस्तकं' म्हटले की कानालाच खटकते.

जुन्या छपाईत हा गोंधळ कागदावर तरी नव्हता. तेव्हा नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार असे: हें घर, हीं घरें. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि लेखनात 'हीं' व 'ही' एक झाले. कोकणीत 'हें' आणि 'हीं' अजून अनुनासिकासकट बोलले जातात, म्हणून गोव्याकडच्या शिकणाऱ्याला हा भेद पटकन कळतो. कार्डाच्या मागे कोपऱ्यात जुने रूप फिक्या शाईत दिले आहे. ते वाचायचे नाही, फक्त 'ही' दोन आहेत हे डोळ्यांना कळावे एवढ्यासाठी.

विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की लिंगभेद पुसला जातो. हे घर, पण या घरात; ती भिंत, पण त्या भिंतीवर; तो मुलगा, पण त्या मुलाला. 'ती भिंतीवर' ही चूक इथली. उलट, नाम गाळून सर्वनाम एकटे आले तर स्त्रीलिंगी वेगळे राहते: तिने सांगितले, पण त्या मुलीने सांगितले. 'तिने मुलीने' असे कोणी म्हणू लागला तर तो ही दोन रूपे एकत्र करतो आहे, हे ओळखावे. या रूपांची कार्डे वेगळी आहेत, आधीच्या 36 मध्ये मिसळलेली नाहीत. एकवचन-अनेकवचन पक्के होण्याआधी ती दिली तर 'या, त्या' सगळीकडे चालते असा समज होतो.

एक वाक्य मात्र संचातून काढावे लागले: 'ती आली.' मुलगी आली तरी ती आली, आणि मुलं आली तरी ती आली. सर्वनाम तेच, क्रियापदही तेच. 'आहे' जोडले की उलगडते: ती आली आहे, ती आली आहेत. पुढच्या फेरीत नाम नसलेल्या प्रत्येक वाक्याला 'आहे' किंवा 'आहेत' जोडूनच कार्ड छापले जाईल.