आमची वाटचाल : 2.8 वरून 3.6 वर गेलेला आकडा

आमची संस्था ऑनलाइन जाहिराती चालवते. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी ग्राहकांशी बोलायचो आणि माझी भागीदार शीट सांभाळायची. अजूनही तसंच आहे, फक्त आता आमच्यासोबत आणखी काही मंडळी आहेत. मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कामं येत गेली, पगार वेळेवर होत गेले. सांगण्यासारखं आहे ते ज्या तिमाहीत आम्ही जवळजवळ बंद पडलो त्याबद्दल, आणि त्याचं कारण एक स्लाइड होती.

आमच्या पहिल्या ग्राहक ताई बागकामाची अवजारं ऑनलाइन विकतात. आम्हाला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी खातं दिलं होतं, आणि पुढे आमचं अर्धं उत्पन्न त्यांच्याकडूनच येऊ लागलं. एका मोठ्या एजन्सीने त्यांना गाठलं, 'एक महिना आम्हाला चालवू द्या' म्हणून खातं घेतलं आणि महिन्याअखेरीस स्लाइड दाखवली : कन्व्हर्जन रेट, म्हणजे दर शंभर क्लिकमागे किती ऑर्डर, 2.8 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर. क्लिक तेवढेच, ऑर्डर जास्त. ताईंनी संकोचत आम्हाला नोटीस दिली. ती स्लाइड आमच्या आणखी दोन ग्राहकांपर्यंत पोचली (कशी पोचली ते मला ठाऊक आहे, असो) आणि तेही गेले.

भागीदाराने भांडण केलं नाही. तिने ताईंकडे एकच गोष्ट मागितली : दोन्ही महिन्यांचा एक्स्पोर्ट, प्रेक्षकगटानुसार फोडलेला. आमची एक जुनी सवय इथे कामी आली. प्रत्येक लिंकच्या utm_campaign मध्ये, म्हणजे लिंकला जोडलेल्या मोहिमेच्या नावात, गटाचं नाव घालायचंच, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. त्या एजन्सीने आमच्या जुन्याच लिंका वापरल्या होत्या, म्हणून पिव्होट टेबल लावताच सगळं वेगळं झालं.

आकडे गोल करून सांगतो. आमच्या महिन्यात 10,000 क्लिक होते. त्यातले 8,000 दुकान कधी न पाहिलेल्या नव्या लोकांचे, त्यातून 160 ऑर्डर, म्हणजे 2 टक्के. उरलेले 2,000 रीटार्गेटिंगचे, म्हणजे साइटवर येऊन गेलेल्यांचे, त्यातून 120 ऑर्डर, 6 टक्के. एकूण 280. त्यांच्या महिन्यातही 10,000 क्लिक, पण नव्या लोकांचे फक्त 4,000, त्यातून 60 ऑर्डर, दीड टक्का. रीटार्गेटिंगचे 6,000, त्यातून 300 ऑर्डर, 5 टक्के. एकूण 360.

नव्या लोकांत 2 वरून 1.5. जुन्यांत 6 वरून 5. तिसरा गट नाहीच.

"दोन्हीकडे कमी झालंय आणि बेरजेत वाढलंय? तुम्ही काहीतरी उलट वाचताय," ताई म्हणाल्या.

"वाचण्यात काही चूक नाही," भागीदार म्हणाली. "जो गट मुळातच जास्त खरेदी करतो त्याचा वाटा 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेला, म्हणून सरासरी वर सरकली. जाहिरात चांगली झाली म्हणून नाही."

संख्याशास्त्रात या प्रकाराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. सिम्पसनचा लेख 1951 चा आहे. यूलने याच जातीची गोष्ट 1903 मध्येच लिहून ठेवली होती, आणि श्रेय सिम्पसनला मिळालं याचा भागीदाराला अजून राग आहे. आमच्या धंद्यात कुणाचं श्रेय कुणाला जातं हे पाहता मला त्यात काही नवल वाटत नाही.

मग तिने ताईंसमोर शीट उघडली. B मध्ये दोन्ही गटांचा जुना वाटा, C मध्ये जुना रेट, D मध्ये नवा वाटा, E मध्ये नवा रेट. बाकी हे एवढंच :

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)
=SUMPRODUCT(D2:D3,C2:C3)
=SUMPRODUCT(D2:D3,E2:E3)
=SUMPRODUCT(B2:B3,E2:E3)
```

पहिल्या ओळीत 2.8 येतात. दुसरीत वाटा नवा आणि रेट जुनेच ठेवले, तर 4.4. म्हणजे नुसतं क्लिक एका गटातून दुसऱ्यात हलवून 1.6 टक्के मिळाले. तिसरीत 3.6, म्हणजे त्या 1.6 पैकी 0.8 त्यांच्या घसरलेल्या रेटनी खाल्ले. चौथी ओळ मला सर्वांत आवडते : वाटा आमचा ठेवला आणि रेट त्यांचे लावले तर 2.2. तुम्हीही नवी एजन्सी नेमाल तेव्हा ही चौथी ओळ आधी मागा. ती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बहुधा तसंच कारण असतं.

त्या एजन्सीचं उत्तर आलं ते मात्र मूर्खपणाचं नव्हतं. "ऑर्डर 280 च्या 360 झाल्या. गट कसेही फोडा, माल जास्त गेला ना?" क्लिक कुठे वळवायचे हे आपल्याच हातात असेल आणि जास्त रेटवाल्या गटातली प्रत्येक ऑर्डर खरोखर जाहिरातीमुळे आली असेल, तर एकूण आकडाच बरोबर आणि आमचीच तक्रार फोल. नुसतं टेबल पाहून हा वाद सुटत नाही. त्या 300 ऑर्डरी जाहिरात नसती तरी आल्या असत्या का, हे कळायला लागतं.

त्यासाठी ताईंनी आम्हाला एक चाचणी करू दिली. साइटवर येऊन गेलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला जाहिरात दाखवली, दुसऱ्याला अजिबात नाही. मग क्लिक सोडून दिले आणि दोन्ही गटांतली सगळी खरेदी मोजली. दाखवलेल्या हजारांत 10 जणांनी घेतलं, न दाखवलेल्या हजारांत 8 जणांनी. (एवढा बारीक फरक दाखवायला दोन्हीकडे पस्तीस-पस्तीस हजार माणसं तरी लागतात. पाचशे लोकांवर असली चाचणी करणाऱ्यांनी करूच नये.) म्हणजे जाहिरात दिसलेल्यांच्या पाच ऑर्डरींतली जेमतेम एक जाहिरातीची, बाकी चार येणारच होत्या. हाच हिशोब रीटार्गेटिंगच्या क्लिकमधून आलेल्या ऑर्डरींना ढोबळपणे लावला आणि नव्या लोकांच्या सगळ्या ऑर्डरी उदारपणे जाहिरातीच्या धरल्या, तर आमच्या महिन्यात 160 अधिक 24, म्हणजे 184. त्यांच्या महिन्यात 60 अधिक 60, म्हणजे 120.

आणि साइटवर येऊन गेलेल्यांचा साठा भरतो कुठून? नव्या लोकांच्या क्लिकमधूनच. ते अर्धे केले की साठा आटतो, त्याच माणसांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दिसू लागते. त्यांच्या महिन्यात फ्रीक्वेन्सी चढत गेलेली दिसतही होती. रेट 6 वरून 5 वर आला त्याचं कारण बहुधा तेच.

यात मुद्दाम फसवणूक होती असं मी म्हणणार नाही, जरी म्हणावंसं वाटतं. दोन्ही गट एकाच मोहिमेत टाकून बजेट आपोआप वाटायला सोडलं, की यंत्रणा स्वस्तात ऑर्डर दिसते तिकडे पैसे ढकलते, आणि ती दिसते रीटार्गेटिंगमध्ये. तेव्हापासून आम्ही दोन वेगळ्या मोहिमा आणि दोन वेगळी बजेटं ठेवतो. डॅशबोर्ड कुरकुरतो, कुरकुरू दे.

नवशिक्यांना हे कळलं की ते दिसेल ती गोष्ट फोडत सुटतात, म्हणून आणखी एक सांगून ठेवतो. गट जाहिरातीच्या आधीच्या गोष्टीवरून पाडा : माणूस नवा की जुना, कोणत्या भागातला, कोणत्या उपकरणावर. 'कार्टमध्ये माल टाकलेले' आणि 'न टाकलेले' असे गट करून दोन जाहिरातींची तुलना करू नका. कार्टमध्ये माल टाकणं हा जाहिरातीचाच परिणाम असतो. समजा, एका जाहिरातीने पुष्कळ डळमळीत लोकांना कार्टपर्यंत आणलं, तर कार्टवाल्यांचा रेट पडलेला दिसेल आणि तुम्ही चांगली जाहिरात बंद कराल. तिथे एकूण आकडाच खरा असतो.

ताईंचं खातं परत आलं. गेलेल्या दोघांपैकी एक आला, दुसऱ्याने फोन उचलला नाही. त्या एजन्सीच्या सादरीकरणात ती स्लाइड अजून आहे असं कळतं, गटांच्या ओळींशिवाय.