तुम्ही विचारलंत म्हणून: तीनशे एमबीपीएस आणि तरी रडगाणं

"घरात पाच जण, सगळे दिवसभर ऑनलाइन. किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ?"

आधी मीच सगळ्यांना सांगायचो, सरळ ३०० घ्या आणि मोकळे व्हा. माझ्याकडेही आधी १००चा होता, तो वाढवून ३००चा केला. अपलोड मात्र दोन्हीत १०च, ते तेव्हा वाचलंच नव्हतं.

मग मुलीची ऑनलाइन तोंडी परीक्षा आली. तिसऱ्या प्रश्नाला चित्र गोठलं, समोरून "आवाज येत नाहीये" एवढंच ऐकू येत होतं, ती तेच उत्तर पुन्हा पुन्हा सांगतेय आणि मी हॉलमध्ये जाऊन आईवर ओरडलो की टीव्हीवरचा सिनेमा बंद कर. तिने केला. काही फरक नाही. मुलगी रडकुंडीला आली, परीक्षा फोनच्या डेटावर कशीबशी संपली.

रात्री लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि डेटा जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजायला हे चालवलं:

```
ping 1.1.1.1
```

शांत लाइनवर १५ मिलिसेकंदांच्या आसपास. मग मुद्दाम एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावला, तर आकडा ९००च्या वर. म्हणजे अपलोड तुंबलं की डेटाची सगळी पाकिटं रांगेत अडकतात, तुमचा आवाजही त्याच रांगेत. आणि परीक्षेच्या वेळी चढत काय होतं? माझ्याच फोनमधल्या व्हिडिओंचा बॅकअप. आईची माफी मी दोन दिवसांनी मागितली, तीही अर्धवट.

तर हिशोब असा. फोर के सिनेमाला २५ धरा, साध्या एचडीला ५, व्हिडिओ कॉलला येता-जाता प्रत्येकी ३-४. आमचा एक फोर के, एक एचडी आणि तीन कॉल मिळून डाउनलोड ४५ पण होत नाही, १००ला रग्गड झालं. पण तेच तीन कॉल अपलोडमध्ये ९-१२ मागतात, तिथेच गाडी अडते. म्हणून प्लॅन बघताना अपलोड किती ते विचारा, तो आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

राउटरमध्ये SQM, म्हणजे पाकिटांची रांग तुंबू न देणारी सेटिंग, असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. मी १०ची ९ केली, आता बॅकअप चालू असतानाही पिंग ४०च्या आत राहतो. हां, त्याने पाइप मोठा होत नाही, रांग फक्त शिस्तीत लागते. आणि सगळ्या राउटरमध्ये ते नसतंच, तेव्हा बॅकअप रात्रीवर टाकणं एवढंच हातात.

३०० घेतलं ते चुकलंच का? मोठे गेम पटकन उतरतात, धाकटा खूश आहे. पण त्यालाच आता १०८०पीमध्ये लाइव्ह स्ट्रीम करायचंय, म्हणजे अपलोडचे ६ एकट्याचे. ९मधून ६ गेले तर उरलेल्या ३मध्ये माझी मीटिंग बसवायची की मुलीचा क्लास, यावर काल जेवताना पुन्हा भांडण झालं. त्याला म्हटलं ७२०पीवर ३मध्ये भागव, तर तो म्हणतो तुमचाच कॅमेरा बंद ठेवा ना.