आमची वाटचाल : सोमवारचा सेल्समन बुधवारी कसा आला

हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान सुरू केलं तेव्हा मालाच्या ऑर्डरीसाठी सेल्समन यायचे नाहीत, आम्हीच होलसेलरच्या दारात जायचो. दुकानाचं नाव त्यांच्या वहीत चढलं, आठवड्याला बऱ्यापैकी बिल होऊ लागलं, तेव्हा कुठे सेल्समन फिरकायला लागला. त्याचं येणं ही आमच्यासाठी बढतीच होती. त्यामुळे तो सोमवारी येतो म्हटल्यावर आम्ही मुकाट्याने सोमवार धरला. पहिली काही वर्षं चाललंही. मग गिऱ्हाईक वाढलं आणि तोच सोमवार अंगावर यायला लागला.

आमच्या धंद्यात सोमवारची सकाळ वायरमन आणि प्लंबरची. आठवड्याची कामं सुरू होतात, माणसं साइटवर जायच्या घाईत असतात, एकाला पाइपचा एल्बो हवा असतो, दुसऱ्याला वायरचं बंडल, तिसरा मोडका नळ हातात घेऊन ‘असाच द्या’ म्हणत उभा. त्यात सेल्समन काउंटरच्या कडेला मोबाइल उघडून विचारणार, ‘शेठ, नऊ वॉटचे बल्ब किती टाकू?’ रॅकपर्यंत जाऊन बघायला सवड नसते, मग तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो. खरी गंमत अशी की ऑर्डर सोमवारी आणि माल मंगळवारी, म्हणजे ज्या गर्दीसाठी माल हवा ती ओसरल्यावर टेम्पो दारात. तो माल पुढच्या सोमवारपर्यंत रॅकवर बसायचा आणि त्याचं बिल तेवढ्यात देय व्हायचं.

म्हणून वार बदलायचा ठरवला तेव्हा आम्ही आधी उलटा हिशेब केला. माल रविवारपर्यंत रॅकवर लागायला हवा. होलसेलरची गाडी ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी येते. कार्टन फोडून, बिलाशी ताळा करून लावायला आम्हाला एखादा दिवस लागतो. तेव्हा ऑर्डर गुरुवारी गेली तर उत्तम. सेल्समन कधी येतो यापेक्षा गाडी कधी येते ते जास्त महत्त्वाचं, हे बऱ्याच दुकानदारांच्या लक्षात येत नाही.

मागायचं कधी, हाही प्रश्न होता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सेल्समन टार्गेटच्या मागे असतो, तेव्हा कुठलाही बदल त्याला संकटच वाटतो. म्हणून महिन्याची सुरुवात धरली. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर बोललो नाही, दुसऱ्या कंपनीचा माणूस उभा असताना तर नाहीच. आणि थेट त्याच्या मालकाला फोन लावला नाही. मालकाकडून कळलं असतं तर त्याला ती तक्रारच वाटली असती. तो निघताना बाहेरपर्यंत गेलो आणि म्हणालो, ‘भाऊ, तुमच्या येण्याला ना नाही. सोमवारी मी तुमच्याकडे नीट बघतसुद्धा नाही, ऑर्डर अर्धवट जाते. गुरुवारी आलात तर रॅक मोजून निवांत ऑर्डर देईन. जमेल का बघा.’

तो लगेच म्हणाला, ‘शेठ, गुरुवारी माझी बीट पार दुसऱ्या टोकाला. गाडीपण शुक्रवारी तिकडेच. बुधवारी मात्र मी तुमच्या मागच्या रस्त्याला असतो.’

इथे सेल्समनची बाजू समजून घ्यायला हवी. त्याची रोजची दुकानं ठरलेली असतात, तीच त्याची बीट, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी त्याच वाटेने फिरते. एका दुकानासाठी गाडी वाकडी करणं त्याच्या हातात नसतं. बुधवारी ऑर्डर म्हणजे गुरुवारी माल, आमचा सोमवार तरीही सांभाळला जात होता. गुरुवार सोडला. बुधवार मान्य केला.

मग त्याच्याच सांगण्यावरून होलसेलरला व्हॉट्सॲपवर लिहिलं : ‘नमस्कार. आपल्या सेल्समनशी बोलणं झालं आहे. सोमवारी आमच्याकडे गर्दी असते, म्हणून पुढच्या आठवड्यापासून त्यांनी बुधवारी यावं अशी विनंती आहे. त्यांची सेवा उत्तम आहे, तक्रार काही नाही. मधल्या आठवड्याचं पेमेंट नेहमीप्रमाणे सोमवारीच पाठवू.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं.

कारण वार बदलताना एक आठवडा लांबतो. शेवटची ऑर्डर सोमवारची आणि पुढची थेट पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची, म्हणजे सात दिवसांऐवजी नऊ. आमचं पेमेंट सेल्समनच्या हातात, तो येईल त्या दिवशी जायचं. ते दोन दिवस पुढे गेलं असतं तर मुदत उलटली असती. मुदत उलटलेल्या दुकानाचं नवं बिल त्यांच्या सिस्टिममध्ये निघत नाही, आणि थकलेल्या वसुलीचा जाब सेल्समनलाच द्यावा लागतो. ज्याच्याकडे सवलत मागितली त्यालाच अडचणीत टाकणं बरं नव्हे. सोमवारी सकाळी बँकेतून पैसे पाठवले आणि पावतीचा फोटो त्याला टाकला. बोलण्यात जेवढा गोडवा ठेवला होता त्यापेक्षा या एका गोष्टीने जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

मालाचंही तसंच. एखाद्या स्विचचे आठवड्याला चौदा बॉक्स जात असतील, तर सरासरीने रोज दोन, नऊ दिवसांना अठरा. पण हिशेब इथेच थांबवला तर माल जास्त होतो. मंगळवारी आलेला माल पुढच्या बुधवारअखेर पुरायला हवा, त्यात गर्दीचा सोमवार एकदाच येतो. वाढलेले दोन दिवस मंगळवार-बुधवार, म्हणजे आमच्याकडचे थंड वार. म्हणून सतराच घेतले आणि ते पुरले. ज्यांची गर्दी आठवड्याच्या मध्याला असते त्यांनी मात्र उलट थोडं जास्तच घ्यावं.

एक अडचण तरीही आलीच. बुधवारी सेल्समन आला, ऑर्डर घेतली, पण होलसेलरच्या ऑफिसात आमचं नाव सोमवारच्याच यादीत राहिलं होतं. त्यामुळे सोमवारी ‘भेट नाही, ऑर्डर नाही’ अशी नोंद त्याच्या नावावर पडत होती. त्याने स्वतःहून सांगितलं नाही. सोमवारी ऑफिसातून ‘आज ऑर्डर नाही का?’ असा फोन आला तेव्हा आम्हाला शंका आली. त्याच फोनवर यादी बदलून घेतली. तेव्हापासून कोणाशीही वार बदलला की आठवडाभराने मी विचारतोच, ‘तुमच्या मोबाइलमध्ये आमचं दुकान आता कुठल्या वाराला दिसतं?’

बाकीचे सेल्समनही हळूहळू हलवले, पण सगळे बुधवारात कोंबले नाहीत, नाहीतर सोमवारचाच गोंधळ दोन दिवस पुढे सरकला असता. रंगवाला मंगळवारी गेला. पाइप-फिटिंगच्या होलसेलरची गाडी आमच्या भागात आठवड्यातून एकदाच येते, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या सेल्समनने एवढंच केलं की बीट उलट्या टोकाने सुरू केली. आता तो सोमवारीच येतो, पण दुपारी, रस्त्यातलं शेवटचं दुकान म्हणून. आधी स्वतः मागच्या रॅकवर जाऊन फिटिंग मोजतो आणि मगच मोबाइल उघडतो.