आभाळ 79 वरून 31 केल्विनवर आलं! (आणि एलएनबीच्या खोक्यावरची थाप उघडी पडली)

मंडळी, मागच्या वेळी मी रडगाणं गायले होते ते आठवतंय ना? टीव्हीच्या 60 सेंमीच्या डिशने रिकाम्या आभाळाचं तापमान मोजायचं, आणि उत्तर दर वेळी 79 केल्विन. थोडं इकडेतिकडे नाही, चिकटल्यासारखं 79. पृथ्वीबाहेरच्या अवकाशाचं तापमान 2.7 केल्विन आणि मुलुंडच्या गच्चीवरचं आभाळ 79? हवा, बाजूचा टॉवर, गच्चीची गरम फरशी, सगळं धरलं तरी 30-40 च्या वर जायला नको. दीड महिना यातच गेला. परवाच्या शनिवारी गाठ सुटली.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. एलएनबी म्हणजे डिशच्या दांड्यावरचा, संकेत टिपून वाढवणारा डबा. त्यातून येणारी खरखर म्हणजे समोरच्या वस्तूचं तापमानच असतं. शक्ती आणि तापमान यांचं नातं सरळ आहे:

```
P = k T B
```

B म्हणजे आपण किती रुंद पट्टा ऐकतोय ते, आणि k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक. हे सूत्र केल्विनमध्येच चालतं, कारण तापमान दुप्पट तर खरखर दुप्पट असं म्हणायचं तर शून्य खरोखरचं शून्य हवं. सेल्सिअसमध्ये माझं आभाळ उणे 242 येतं. त्याची दुप्पट काय, अन् निम्मं काय? 20 मे 2019 पासून तर केल्विनची व्याख्याच k ची किंमत कायम ठरवून केली आहे, त्यामुळे आपण गच्चीवर करतो ते त्या व्याख्येच्या अगदी जवळचं काम आहे. आणि कृपा करून ‘अंश केल्विन’ लिहू नका. तो अंश 1967-68 मध्येच निघाला.

आता मूळ दुखणं. एलएनबीसमोर काळा कार्बनवाला फोम धरला (31 अंश सेल्सिअस, म्हणजे 304 केल्विन), मग काढला आणि डिशने आभाळ पाहिलं. दोन्हींतला फरक 5.6 डीबी, म्हणजे 3.63 पट. पण ही पट फोम आणि आभाळ यांची नाही. दोन्हीकडे एलएनबीची स्वतःची खरखर मिसळलेली असते. समीकरण एक आणि अज्ञात दोन: आभाळ किती, एलएनबी किती. मी दुसऱ्याची किंमत खोक्यावरून घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत नॉइज फिगर 0.1 डीबी, म्हणजे फक्त 7 केल्विन. तेवढे धरले की (304 + 7) भागिले 3.63, वजा 7. आलं 79.

मी शंका घेतली ती भलत्यावरच. आधी वाटलं, एलएनबीचा संकेत संगणकात नेणारा डोंगल गुदमरतोय. फोमची खरखर जास्त, ती कापली जात असेल तर फरक लहान दिसणार आणि आभाळ गरम वाटणार. याची चाचणी सोपी आहे: एलएनबी आणि डोंगलच्या मध्ये संकेत कमी करणारा 10 डीबीचा अटेन्युएटर लावा. डोंगल गुदमरत असेल तर फरक बदलेल, नसेल तर तसाच राहील. माझा 5.6 चा 5.6 राहिला. गेन मी कायम हातानेच ठेवते, ऑटोवर ठेवलात तर सगळं मुसळ केरात:

```
rtl_power -f 1195M:1205M:100k -g 20 -i 10 -e 10m sky.csv
```

मग बाजूच्या टॉवरवर खापर फोडलं. डिश फिरवून पाहिली, टॉवर पाठीमागे गेला, 79 चे 75 झाले. तेवढंच. म्हणजे टॉवरही सुटला.

एका अज्ञाताला पकडायचं तर तिसरी वस्तू हवी, जिचं तापमान ठाऊक आहे आणि जी फोमहून बरीच थंड आहे. बर्फ निरुपयोगी: 273 आणि 304 मधला फरक आपल्या मीटरवर अर्धा डीबीसुद्धा नाही. द्रव नायट्रोजन हवा, 77 केल्विनचा. तो आणायचा कुठून यावर महिनाभर अडलं होतं. गॅसवाले लहान गिऱ्हाइकाकडे बघतही नाहीत, हे माझं जुनं दुखणं. शेवटी ग्रुपमधल्या एकाचे मेहुणे कामाला आले. ते गुरांचे डॉक्टर, गोरेगावकडच्या तबेल्यांत कृत्रिम रेतनाला जातात आणि त्यांच्याकडे नायट्रोजनचा कंटेनर असतोच. तीन लिटर मिळाला. टॅक्सी, सगळ्या काचा खाली, कंटेनरचं झाकण सैल. (झाकण घट्ट लावलं तर भांडं फुटतं. बंद खोलीत ओतला तर हवेतला ऑक्सिजन कमी होऊन माणूस पडतो. उघडी गच्ची, जाड हातमोजे आणि चष्मा, यात सूट नाही.)

थर्माकोलच्या मासे ठेवायच्या पेटीत तळाला फोम ठेवला आणि वरून नायट्रोजन ओतला. आपल्या 11 गिगाहर्ट्झला थर्माकोल जवळजवळ पारदर्शक असतो. एलएनबी डिशच्या दांड्यावरून काढून पेटीवर उलटा धरला. पहिला प्रयत्न फुकट गेला. आकडा आला आणि चढू लागला, चार मिनिटांत 0.7 डीबी. वाकून बघते तर एलएनबीच्या तोंडाच्या टोपीवर दव! ऑक्टोबरची मुंबईची हवा, त्यात खालून गार वाफ. पाण्याचा पातळ थरही ही खरखर शोषतो आणि स्वतःची गरम खरखर देतो, म्हणजे एलएनबी नायट्रोजनऐवजी ओलसर टोपी पाहत होता. नायट्रोजनखाली बुडलेल्या फोमचं तापमान हलायला जागाच नाही. तेव्हा आकडा एकाच दिशेने चढत असेल तर दव धरा. उपाय म्हणून टोपी पुसायची, पेटीवर धरून वीस सेकंदांत आकडा घ्यायचा, बाजूला करायचं, पुन्हा पुसायचं. असं सहा वेळा केलं. मग आकडे जमले.

आणि गंमत अशी, की कॅल्क्युलेटर काढायच्या आधीच निकाल लागला. माझं आभाळ खरंच 79 असतं तर नायट्रोजन आणि आभाळ मीटरवर जवळजवळ सारखे दिसायला हवे होते. नायट्रोजन आभाळापेक्षा 1.6 डीबी वर होता! म्हणजे आभाळ नायट्रोजनहून बरंच थंड, हे डोळ्यांनी दिसलं. मी गच्चीवर एकटीच ओरडले, खालून सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘काय झालं हो ताई?’ विचारलं.

हिशोब असा. फोम आणि नायट्रोजनमधला फरक 4.0 डीबी, म्हणजे 2.51 पट. एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीला R म्हणू. (304 + R) भागिले (77 + R) बरोबर 2.51. सोडवा, R येतो 73 केल्विन. म्हणजे नॉइज फिगर जवळजवळ 1 डीबी. खोक्यावर 0.1! लॅमिंग्टन रोडवर या आकड्यापायी मी शंभर रुपये जास्त मोजले होते. माझं मत आता पक्कं: खोक्यावरचा आकडा वाचूच नका, साधा स्वस्त एलएनबी घ्या आणि स्वतः मोजा. आता आभाळ पुन्हा: (304 + 73) भागिले 3.63, वजा 73. आलं 31.

यातले अवकाशाचे किती? माझा अंदाज: दमट हवेचे 7 च्या आसपास, डिशच्या कडेवरून डोकावणाऱ्या जमिनीचे आणि इमारतींचे 20 च्या आसपास. उरतात चारेक. पण या वजाबाकीला मी मोजमाप म्हणणार नाही, कारण मोठे दोन आकडे अंदाजाचे आहेत. अवकाशाची ही खरखर पहिल्यांदा पकडणाऱ्या पेन्झियस आणि विल्सन यांचं काम इथे कळतं. त्यांची तुलनेची वस्तू द्रव हेलियमची होती, 4.2 केल्विनची. शिंगासारखा ॲन्टेना असल्याने जमीन जवळजवळ दिसतच नव्हती. डोक्यावरचं आभाळ 6.7 केल्विन, त्यात हवेचे 2.3, ॲन्टेनाच्या धातूचे आणि पाठीमागून शिरणाऱ्या खरखरीचे मिळून 0.9, आणि हिशोबात न बसणारे 3.5 उरले. ते 1965 मध्ये छापलं. माझे 20 अंदाजाने कापण्यात आणि त्यांचा 0.9 काटेकोर हिशोबाने काढण्यात जमीन-आसमानाचं अंतर आहे.

R सापडला तसा सूर्यही सुधारला. मागे 8,600 आला होता आणि मला वाटलं डिश हलली असेल. रविवारी दुपारी डिश थोडी पुढे रोखून ठेवली आणि सूर्य तिच्यासमोरून सरकू दिला. उपग्रहांच्या रांगेपासून सूर्य आता आठेक अंश दक्षिणेला आहे, म्हणून चॅनेलवाल्यांची लुडबुड नाही. शिखर रिकाम्या आभाळापेक्षा 4.6 डीबी वर. 31 अधिक 73 म्हणजे 104, त्याचे 2.88 पट 300, म्हणजे सूर्याने 196 केल्विन भर घातली. आता एक चूक जी मी स्वतः केली आहे: सूर्य सरकतानाच्या आलेखाची रुंदी मोजताना डीबीच्या निम्म्यावर रेघ मारू नका. आकडे आधी केल्विनमध्ये आणा, मग 196 च्या निम्म्यावर, 98 वर रेघ मारा. माझी रुंदी 13 मिनिटं, म्हणजे सुमारे 3.2 अंश. सूर्य जेमतेम अर्धा अंश. डिशच्या नजरेचा 53 वा भाग सूर्याने भरलेला, बाकी थंड आभाळ. 196 गुणिले 53, आले 10,400 केल्विन. नजरेचा काही भाग बाजूलाही सांडतो, तेव्हा खरा आकडा याहून थोडा जास्तच.

सूर्याचा पृष्ठभाग तर 5,772 केल्विनचा, मग हे कसं? 5,772 आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या थराचा आहे. आपली तरंगलांबी पावणेतीन सेंमी, तिला त्या थरातून बाहेर पडता येत नाही, ती वरच्या विरळ थरातून सुटते, आणि तिथे वर जावं तसं तापमान वाढतं. तरंग आणखी लांब घ्या, आणखी वरचा थर. 1965 मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने कल्याणला 32 लहान डिश मांडून 610 मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला, तेव्हा ते 10 लाख केल्विनच्या घरातल्या प्रभामंडळाशी बोलत होते. माझ्या गच्चीपासून लोकलने अर्धा-पाऊण तास!

पुढचा बेत होता नायट्रोजन पुन्हा आणून R दर महिन्याला तपासायचा. पण हे लिहिताना दुसरंच सुचलं. 53 हा आकडा माझा सगळ्यात कच्चा दुवा. चंद्रही आकाशात अर्ध्या अंशाचाच, आणि या तरंगलांबीला तो 220 केल्विनच्या आसपास असतो. सूर्याची भर भागिले चंद्राची भर केलं की डिशची नजर दोन्हीकडून कटते! फक्त चंद्राची भर जेमतेम 4 केल्विन, म्हणजे 104 वर 0.16 डीबी. एलएनबी थोडा तापला-निवला तरी एवढा फरक पडतो, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला फोम आडवा आणणारी सर्वो मोटर लावावी लागेल. नायट्रोजन राहू दे, आता हेच.

डिश 90 सेंमीची असेल तर चंद्राचे 4 चे 9 होतात. कुणाकडे जुनी पडली असेल तर कळवा. गंज चालेल, पोचा चालणार नाही. डोंबिवलीपर्यंत न्यायला येईन.