म्हाताऱ्या बोक्याची वार्षिक तपासणी आणि लघवीचा एक थेंब

वजन, दात, रक्त, थायरॉईड, सगळं एका सकाळी उरकलं. अडलो ते लघवीपाशी, आणि त्यातच दोन आठवडे गेले.

बोका 12 वर्षांचा. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, 1.5, पुढे ‘नॉर्मल’. पण गेल्या वर्षी तेच 1.1 होतं आणि वजन 4.6 किलोवरून 4.1 वर आलं होतं. किडनीचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन मर्यादा ओलांडत नाही. त्यात म्हाताऱ्या मांजराचे स्नायू झडले की आकडा आणखीच खाली दिसतो. म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्याच. अशा वेळी किडनी लघवी कितपत घट्ट करते, तेच बघावं लागतं.

पहिल्या खेपेला पठ्ठ्याने टॅक्सीतच सगळं सोडलं. मूत्राशय रिकामं, मग सुईने काढणार काय? दुसऱ्यांदा घरी प्रयत्न केला, तर ट्रेमधल्या लिटरच्या दाण्यांनी थेंब न थेंब शोषून घेतला. तिसऱ्यांदा ट्रेमध्ये फिश टँकचे धुतलेले खडे घातले, पहाटे सिरिंजने 3 मिली उचलली आणि तासाभरात दवाखाना गाठला. (उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. मुंबईच्या उकाड्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही.)

काउंटरवरच्या मुलाने घट्टपणा बघायला पट्टी बुडवली. “1.030, ठीक आहे काका.” ठीक कसलं! त्या पट्टीवरची शेवटची खूणच 1.030 ची. निरोगी मांजराची लघवी सहसा 1.035 च्या वर असते, म्हणजे पट्टीवर ती मापताच येत नाही. शिवाय मांजराच्या लघवीचा घट्टपणा पट्टी नीट दाखवतही नाही. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर लागतो, थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून घट्टपणा मापणारा. तो आतल्या खोलीत होता आणि डॉक्टर यायचे होते. चाळीस मिनिटं बाकड्यावर बसलो, पण हटलो नाही. काचेवर एक थेंब, आकडा 1.018, म्हणजे लघवी पातळच.

दोन आठवड्यांनी पुन्हा मापलं तेव्हा 1.017, आणि रक्तातला एसडीएमए, किडनी मंदावली की क्रिएटिनिनच्या आधी चढणारा घटक, 19. म्हणजे किडनीचा आजार, दुसरा टप्पा. एका मापावर हे ठरवत नाहीत, तहान-पाण्याने आकडा हलतो.

हो, रक्तदाबाचं राहिलं. मांजर दहा मिनिटं शांत बसू द्या, पहिलं माप सोडून द्या, पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्या. धास्तीने साखरही चढते. तेवढ्यावरून मधुमेह म्हणू देऊ नका, मागच्या काही आठवड्यांची साखर दाखवणारी फ्रुक्टोसामीन चाचणी करून घ्या.

आता सुकट बंद, त्यात फॉस्फरस फार. किडनीचं ओलं खाणं जुन्या जेवणात थोडंथोडं मिसळत तीन आठवड्यांत बदललं. उपाशी ठेवून सवय लावायला जाऊ नका. दोन दिवस न खाल्लेल्या मांजराचं लिव्हर बिघडू शकतं. वजन दर रविवारी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीत बसवून. या आठवड्यात 4.15.